मुलांच्या कामाची संचिका आणि तिची पारख



परीक्षेचा पेपर आपणा सर्वांस ठाऊक आहे. दोन-अडीच तासांत मुलाला काय आठवले, ते त्यावर उमटते. परंतु महिनाभर एखादा घटक शिकत असताना मुलाने काय मोजले, कोठे अडले, पहिले उत्तर का खोडले आणि दुसरे का लिहिले, यांतले काहीच त्या पेपरवर नसते. ते पाहावयाचे असेल तर मुलाचे काम साठवून, त्यांतून निवडून, त्यावर त्याला स्वतःला बोलावयास लावून मग पारख करावी लागते. अशा निवडलेल्या कामाच्या गठ्ठ्यास आपण संचिका म्हणतो. पोर्टफोलिओ हा शब्दही आता शाळांतून रुळला आहे. आज एकाच घटकाची संचिका आरंभापासून शेवटपर्यंत कशी उभी करावयाची, एवढेच आपण पाहणार आहोत.

ही गोष्ट नियमांना धरूनच आहे. मुलाच्या समजुतीचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सांगितले. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढला आणि आकारिक व संकलित हे दोन शब्द प्रत्येक शिक्षकाच्या नोंदवहीत आले. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात मुलाने स्वतः केलेले आणि सोबत्यांनी केलेले मूल्यमापनही असावे असे म्हटले. म्हणजे संचिकेला जागा आहे. अडचण निराळीच आहे. पुष्कळ ठिकाणी संचिका म्हणजे रंगीत कागदाचे वेष्टन घातलेली एक फाइल होऊन बसते. तिच्यात चित्रे असतात, चिकटवलेली पाने असतात, आणि तपासणीचा दिवस आला की ती कपाटातून बाहेर निघते. अशा फाइलवरून मुलाला काय येते हे कोणालाच सांगता येत नाही. गठ्ठा जमला, पण पुरावा जमला नाही.

आता उदाहरण घेऊ. आपला मुलूख कृष्णेचा. महाबळेश्वरी उगम पावून ही नदी वाई, कऱ्हाड करीत सांगलीस येते. वाटेत कऱ्हाडास कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. त्याच दोन जिल्ह्यांत माण, खटाव, आटपाडी, जत असे तालुके आहेत की जेथे पावसाची वाट पाहता पाहता डोळे शिणतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तेथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला दहिवडीकडे गेले की पाचशेच्या आगेमागे. हा चमत्कार मुलांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. म्हणून समजा, सातवीच्या वर्गासाठी आपण जुलै-ऑगस्टमध्ये चार आठवड्यांचा एक घटक ठरविला: ‘पाऊस आणि नदी’. भूगोल, विज्ञान आणि गणित तिन्ही त्यांत येतात.

पहिले काम फाइल आणण्याचे नव्हे, उद्दिष्टे लिहिण्याचे. आणि ती तीनच असावीत. पहिले उद्दिष्ट: मुलाला पाऊस मोजता यावा, नोंद ठेवता यावी आणि त्या नोंदीवरून हिशेब करता यावा. दुसरे: सह्याद्रीच्या पश्चिमेस व माथ्यावर पाऊस दाट आणि पूर्वेस विरळ का, हे कारणासह सांगता यावे. तिसरे: सांगलीत ऊन पडलेले असतानाही आयर्विन पुलाखाली पाणी का चढते, हे पुरावा देऊन समजावता यावे. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळची फुटांची पातळी आपल्याकडे शेतकऱ्यांपासून दुकानदारांपर्यंत सर्वजण विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. तेव्हा तिसरा प्रश्न पुस्तकी नाही, घरातले सामान माळ्यावर केव्हा चढवावयाचे याच्याशी त्याचा संबंध आहे.

उद्दिष्टे तीन ठरली की संचिकेत काय यावे हे आपोआप ठरू लागते. जे काम या तिहींपैकी एकाचाही पुरावा देत नाही, ते कितीही सुंदर असले तरी संचिकेत जात नाही. पावसाळ्याचे रंगीत चित्र भिंतीवर लावावे, त्याचे कौतुक करावे, पण येथे त्याचे काम नाही.

आता गठ्ठा आणि संचिका यांतला भेद लक्षात घ्यावा. चार आठवड्यांत मूल जे जे करील, ते तारीख घालून एका साध्या पाकिटात किंवा जुन्या फाइलीत पडत जाते. तो झाला कामाचा गठ्ठा. त्यात खाडाखोड असते, फाटके कागद असतात, अर्धवट उत्तरे असतात. ती असावीतच. त्या गठ्ठ्यातून घटकाच्या शेवटी पाच कामे निवडली जातात, ती झाली संचिका. गठ्ठा वर्गातच राहावा. तो घरी गेला की एकतर पावसात भिजतो, नाहीतर थोरल्या भावाच्या हस्ताक्षरात परत येतो.

पाचच का? हिशेब करून पाहा. वर्गात चाळीस मुले असली तर पाच-पाच कामांची दोनशे कामे होतात. एका संचिकेला आठ मिनिटे दिली तरी तीनशे वीस मिनिटे, म्हणजे पाच तास वीस मिनिटे लागतात. हे एका शिक्षकाला जमण्याजोगे आहे. तीच कामे पंधरा केली की शिक्षक वाचणे सोडून पाने उलटू लागतो, आणि मग संचिकेत काय आहे यापेक्षा ती किती जाड आहे यावर गुण पडतात.

या पाचांची निवड कोणी करावयाची? सगळी निवड शिक्षकाने केली, तर ती वही तपासणीच झाली, मुलाने आपल्या कामाकडे पाहिलेच नाही. सगळी मुलावर सोडली, तर मूल नीटनेटके, लाल शाईची ‘छान’ ही शेऱ्याची ओळ असलेले कागद निवडते, आणि चाळीस मुलांच्या चाळीस तऱ्हा झाल्याने एकाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. म्हणून मधला मार्ग धरावा. दोन कामे सर्वांना सारखी, तीन मुलाच्या निवडीची.

सर्वांना सारखे असे पहिले काम म्हणजे चौदा दिवसांच्या पावसाचा तक्ता आणि त्यावरचा एक हिशेब. दुसरे म्हणजे ‘सांगलीत पाऊस नसताना नदी का चढते’ या प्रश्नाचे नकाशासह लिहिलेले उत्तर. मग मुलाच्या निवडीची तीन. एक, डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या पावसाचे कारण आपल्याला समजले हे ज्यावरून उत्तम दिसते असे कोणतेही काम. कोणी आकृती देईल, कोणी मातीचा डोंगर करून त्याचे वर्णन देईल, कोणी तालुकावार पावसाचा आलेख देईल. दोन, पुन्हा केलेले एक काम, परंतु त्याची पहिली आणि दुसरी अशा दोन्ही खेपा एकत्र टाचून. तीन, अजून न जमलेले एक काम.

हे शेवटचे ऐकून कोणी म्हणेल, न जमलेले काम कशाला दाखवावयाचे? त्याचे उत्तर असे की, आपल्याला काय येत नाही हे नेमके सांगता येणे हीच समजुतीची एक खूण आहे. मात्र एक पथ्य पाळावे लागते. या कामावर पातळी लावावयाची नाही, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावयाचे. नाहीतर कोणीही खरे न जमलेले काम देत नाही. मुद्दाम एखादे सोपे गणित चुकवून आणतात.

निवडीचे निकषही पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहावेत आणि महिनाभर भिंतीवर ठेवावेत. ते चार प्रश्नांच्या रूपाने असले की मुलांना कळतात. हे काम तीन उद्दिष्टांपैकी कशाचा पुरावा आहे? यातले मोजमाप किंवा विचार माझा स्वतःचा आहे का? यावर तारीख आहे का? दुसऱ्या कोणी हे वाचले, तर मला न विचारता त्याला समजेल का? या चारांत अक्षर वळणदार असावे, पान स्वच्छ असावे असे कोठेच नाही, हे लक्षात ठेवा. ते हवे असेल तर सुलेखनाच्या तासाला जरूर पाहावे. येथे ते घेतले, की ज्या घरी टेबल-खुर्ची आणि दिवा आहे त्या घरचे मूल पुढे जाते आणि पावसाशी त्याचा काही संबंध उरत नाही.

आता प्रत्यक्ष पाऊस मोजण्याकडे येऊ, कारण संचिकेची निम्मी किंमत मूळ नोंद खरी असण्यावर आहे. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्यावी, बाजू सरळ असलेली. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. बुडाशी बाटली ओबडधोबड असते, म्हणून सरळ भाग सुरू होतो तेथपर्यंत पाणी भरून तेथे शून्याची रेघ मारावी, आणि तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. तोंड आणि अंग एकाच रुंदीचे असल्यामुळे जितके मिलिमीटर पाणी चढेल तितका पाऊस. बाटली उघड्यावर ठेवावी. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडून. वाऱ्याने पडू नये म्हणून विटांत बसवावी. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, आपणही तीच वेळ धरावी. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणावयाचे. दोन-दोन मुलांची जोडी करावी. एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहून तारखेपुढे आद्याक्षर घालावे. आणि एक बाटली शाळेच्या आवारात शिक्षकांनी ठेवावी.

हिशेबही सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर आठ मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल तर ते चाळीस चौरस मीटर झाले. एका दिवशी १८ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छपरावर ७२० लिटर पाणी पडले. पंधरा लिटरची घागर धरली तर अठ्ठेचाळीस घागरी. माणदेशातल्या मुलीला घागर किती जड असते हे सांगावे लागत नाही, त्यामुळे तिला हा आकडा लगेच उमगतो.

यानंतर चिंतनाचे प्रश्न. संचिकेचे हे सर्वांत अवघड अंग, आणि सर्वांत जास्त बिघडते तेही हेच. बहुतेक ठिकाणी शेवटी एक प्रश्न दिलेला असतो: या उपक्रमातून तू काय शिकलास? त्याला चाळीस मुले एकच उत्तर देतात: मला खूप मजा आली, पाण्याचे महत्त्व समजले, आपण पाणी जपून वापरले पाहिजे. यात लबाडी नाही. प्रश्नच इतका मोघम आहे की त्याला सुविचारच उत्तर म्हणून येणार. मुलाला विचार करावयास लावायचे असेल तर प्रश्नाचे बोट कागदावरच्या एका ठिकाणी ठेवावे लागते.

तक्त्यासाठी असे विचारावे: तुझ्या चौदा नोंदींपैकी कोणत्या नोंदीवर तुझा सर्वांत कमी भरवसा आहे, आणि का? दोन खेपांच्या कामासाठी: पहिल्या खेपेतली कोणती ओळ तू बदललीस? ती दाखव, आणि कशामुळे बदलावीशी वाटली ते सांग. निवडलेल्या कामासाठी: हे काम घेतलेस तेव्हा कोणते मागे ठेवलेस? त्यापेक्षा यात काय जास्त आहे? न जमलेल्या कामासाठी: नेमके कोठे अडते? ते सोडवावयाला आणखी काय मोजशील, किंवा कोणाला काय विचारशील? अशा प्रश्नांना सुविचाराने उत्तर देता येत नाही. बोट ठेवावेच लागते.

हे चारही प्रश्न शेवटच्या दिवशी एकदम देऊ नयेत. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस एक, दुसऱ्याच्या अखेरीस एक, असे दहा-दहा मिनिटांत घ्यावेत. तीन-चार ओळी पुरतात. ज्याला लिहिणे जड जाते त्याला बोलू द्यावे आणि शिक्षकाने त्याचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत. आणि भाषा मुलाची असावी. घरी बोलतो तसे लिहिले म्हणून पातळी खाली येत नाही. येथे आपण पावसाची समजूत पाहतो आहोत, व्याकरणाची नव्हे.

आता एका संचिकेची पारख करून पाहू. समजा, पूर्वेकडच्या एका गावातली मुलगी आहे. तिच्या तक्त्यात चौदांपैकी दहा दिवस शून्य आहे. उरलेल्या चार दिवसांच्या नोंदी अशा: ३, १८, १८ आणि ६. बेरीज ४५. कागद मळका, एका ठिकाणी शाई पसरलेली. चिंतनाच्या प्रश्नाला तिने लिहिले आहे: “दुसऱ्या अठरावर माझा भरवसा न्हाई. त्या दिशी शाळंच्या बाटलीत शून्य हुतं. आमी पाणी वतून टाकलं न्हवतं म्हणून आदल्या दिशीचंच परत मोजलं. खरी बेरीज २७ पायजे.” ती पहिला आकडा खोडत नाही, बाजूला दुरुस्ती लिहिते.

दोन खेपांच्या कामात तिने नदीच्या उत्तराचाच पहिला मसुदा जोडला आहे. त्यात एकच ओळ आहे: सांगलीला खूप पाऊस पडला म्हणून पूर आला. सर्वांना सारखे असलेले उत्तर ही त्याचीच दुसरी खेप. त्यात तिने कृष्णेचा मार्ग काढला आहे, कोयना आणि वारणा कोठे मिळतात ते दाखविले आहे, आणि लिहिले आहे की वर घाटात पाऊस पडला आणि धरणातून पाणी सोडले की ते काही तासांनी खाली पोहोचते, म्हणून सांगलीत ऊन असले तरी पाणी चढते. पुराव्यादाखल वर्तमानपत्रातल्या दोन दिवसांच्या बातम्यांतून धरणक्षेत्रातला पाऊस आणि पुलाजवळची पातळी तिने शेजारी शेजारी मांडली आहे.

पारख करण्यासाठी प्रत्येक उद्दिष्टाला चार पातळ्या लिहून ठेवलेल्या असतात. तिसऱ्या उद्दिष्टाच्या अशा. पहिल्या पातळीवर मूल नदी भरली एवढे वर्णन करते, कारण देत नाही, किंवा पाऊस तेथेच पडला असे धरून चालते. दुसऱ्या पातळीवर वरच्या बाजूला पाऊस पडला असे कारण देते, पण त्याला आधार देत नाही. तिसऱ्या पातळीवर कारण देते, नकाशावर पाण्याची वाट दाखविते आणि निदान एक नोंद पुरावा म्हणून मांडते. चौथ्या पातळीवर एकाहून अधिक कारणे वेगवेगळी करते, जसे वरून येणारे पाणी एक आणि खाली पाणी पुढे सरकण्यास होणारा अडथळा दुसरे, आणि कोणत्या वेळी कोणते कारण जास्त चालते याचा विचार करते. ही मुलगी तिसऱ्या पातळीवर आहे. पहिल्या उद्दिष्टातही तिची पातळी चांगली. तिच्या नोंदीत दोष होता खरा, पण तो तिने स्वतः, शाळेच्या बाटलीशी ताडून शोधला.

येथे एक नियम सांगितला पाहिजे. पहिल्या मसुद्याला पहिली पातळी आणि शेवटच्याला तिसरी, म्हणून सरासरी दुसरी, असा हिशेब करू नये. सरासरी काढली की शिकल्याबद्दल मुलाला दंड होतो. जे आधीपासून येत होते त्याचा फायदा, आणि जे आता शिकले त्याचा तोटा. घटकाच्या शेवटी मूल जेथे उभे आहे ती त्याची पातळी. पहिला मसुदा किती चालून आले हे दाखविण्यापुरता. नोंदवहीत वर्णनात्मक नोंद करावयाची तीही याच धर्तीवर: ‘प्रगती समाधानकारक’ असे न लिहिता, ‘स्वतःच्या नोंदीतील चूक दुसऱ्या नोंदीशी ताडून शोधते; पुराचे एक कारण पुराव्यासह सांगते; दुसरे कारण अजून वेगळे करता येत नाही’ असे लिहिले, की पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला आणि तिच्या आईबापांना दोघांनाही उपयोग होतो.

आता दुसरी संचिका पाहा. कागद स्वच्छ, आलेख रंगीत. तक्त्यात नोंदी अशा: ५, १०, ५, १५, १०, ०, ५. येथे थांबावे. पाऊस पाच-पाचाच्या पाढ्याने पडत नाही. चौदाही ओळी एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसतात, जोडीदाराची आद्याक्षरे एकाच वळणाची आहेत. शाळेच्या बाटलीतील नोंदीशी ताडले तर पाऊस नसलेल्या दिवशीही आकडा आहे. अशा वेळी मुलाला रागावून उपयोग नाही. त्याला दोन मिनिटे जवळ बसवून विचारावे: या दिवशी १५ झाले, तेव्हा बाटली कोठे होती? सकाळी कोणी वाचले? ज्याने मोजले आहे ते मूल भराभर सांगू लागते. ज्याने मोजले नाही ते आकड्याकडे पाहात राहते. मग त्याला आणखी एक आठवडा खरे मोजू द्यावे आणि तोच तक्ता संचिकेत घ्यावा.

ही दोन मिनिटांची बोलणी सर्वच मुलांशी करावी. रोज पाच मुले घेतली तर आठ दिवसांत चाळीस होतात. बाकीची मुले त्या वेळी आपले काम करीत असतात. शेवटच्या दोन आठवड्यांत हे बसते, आणि वर सांगितलेल्या पाच तासांतला पुष्कळ भार यातच हलका होतो, कारण संचिका हातात येते तेव्हा ती आपल्या ओळखीची झालेली असते.

आता या पद्धतीची मर्यादा. अमेरिकेतल्या व्हरमाँट या लहानशा राज्याने १९९० नंतरच्या वर्षांत सबंध राज्यातील चौथी आणि आठवीच्या मुलांची संचिकांवरून पारख करावयास आरंभ केला. रँड या संशोधन संस्थेने ती तपासली, तेव्हा १९९२ च्या पहिल्या फेरीत असे दिसले की एकाच मुलाच्या कामाला दोन शिक्षकांनी दिलेले गुण एकमेकांशी फार कमी जुळत होते. पुढे गणितात सुधारणा झाली, पण शाळाशाळांची तुलना करण्याइतकी खात्री सहज आली नाही. कारणे उघड होती. प्रत्येक वर्गातील कामे निराळी, शिक्षकाने केलेली मदत कमीजास्त, आणि पातळ्यांचा अर्थ ज्याचा त्याने लावलेला.

यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. एक, संचिका मुलाला आणि शिक्षकाला पुढची वाट दाखविण्यासाठी उत्तम. पण अमकी शाळा तमकीपेक्षा वरचढ हे ठरविण्यासाठी ती वापरू नये. तसे केले की शिक्षकच मुलांच्या संचिका भरू लागतात. दुसरी, आपल्या पातळ्या दुसऱ्या शिक्षकाशी जुळतात की नाही हे पाहून घ्यावे. केंद्राची शिक्षण परिषद भरते तेव्हा हे सहज करता येते. सहा संचिका न्याव्यात, नावे झाकून. दोन शिक्षकांनी एकमेकांचे न पाहता तिन्ही उद्दिष्टांच्या पातळ्या लिहाव्यात. सहा त्रिक अठरा निर्णय झाले. ते शेजारी ठेवावेत. जेथे एकच पातळीचा फरक आहे तेथे फारसे बिघडत नाही. जेथे दोनचा आहे, तेथे दोघांनी मुलाच्या कागदावर बोट ठेवून सांगावे की आपण कशावरून ठरविले. बहुधा असे आढळते की चूक कोणा शिक्षकाची नसते, पातळीचे वाक्यच संदिग्ध असते. ‘पुरावा देते’ याचा अर्थ एकाने नकाशा असा घेतलेला असतो, दुसऱ्याने आकड्याची नोंद असा. मग ते वाक्य तेथेच सुधारून लिहावे. तासाभराच्या या बैठकीने जे साधते ते छापील मार्गदर्शिका वाचून साधत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटाच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी शिक्षणाचा जो प्रयोग केला, तो पाहावयास महाराष्ट्रातून शिक्षक येत असत. मूल स्वतः करून आपले ज्ञान बांधते, हे त्यातले सूत्र. पण बांधणी चालू असताना तिची मोजदाद मात्र जुन्याच पेपराने केली, तर मूल काय बांधीत होते ते कळावयाचे नाही. संचिका त्या सूत्राशी सुसंगत बसते ती एवढ्यासाठी.

ऐकणाऱ्या पालकांसाठी एक शब्द. तुमच्या मुलाने अंगणात कापलेली बाटली ठेवली, आणि सकाळी साडेआठला तो तिच्याशी वाकून बसला, तर ती उचलून फेकू नका आणि आकडाही सांगू नका. विचारा फक्त एवढेच: काल किती होता, आणि आज तसा का नाही? आणि घटकाच्या शेवटी शाळेत बोलावणे आले तर जरूर जा. त्या दिवशी मुलाने संचिका उघडून स्वतः पाच मिनिटे सांगावयाचे असते, पहिली खेप ही, दुसरी ही, येथे मी बदलले. शिक्षकांनी मध्ये बोलू नये. ज्या मुलाला हे सांगता येते त्याच्या पातळीबद्दल तुम्हांस शंका राहणार नाही.

शिक्षकांनी हे सर्व विषयांत एकदम करू नये. वर्षात एक घटक, एक वर्ग, तीन उद्दिष्टे, पाच कामे, चार प्रश्न. ‘पाऊस आणि नदी’ नको असेल तर आपल्या गावचा आठवडी बाजार घ्या, ऊस ते गूळ हा प्रवास घ्या, हळदीचे पीक घ्या. मात्र उद्दिष्टे आणि पातळ्यांची वाक्ये पहिला तास घेण्यापूर्वी कागदावर उतरलेली असू द्या. ती नंतर लिहिली, तर ती जमलेल्या गठ्ठ्याला साजेशी लिहिली जातात, आणि मग पारख कशाची केली हेच उरत नाही.